रोज बाराला पाच कमी

मालकांनी आलेख माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "हे बघा, हे मशीन कुणीतरी वापरतंय. रोज दुपारी जेवणाच्या आधी काहीतरी काम होतं त्याच्यावर."

आलेखात खरंच तसं दिसत होतं. दिवसभर जमिनीलगत सरळ रेघ आणि रोज बाराला पाच कमी असताना एक टोकदार उंचवटा, साधारण 40 टक्क्यांपर्यंत. पाच मिनिटांनी रेघ परत खाली. मशीनचं नाव होतं `test-new-2`. ते कुणी, कधी आणि कशासाठी सुरू केलं, हे त्या खोलीत कुणालाच सांगता येत नव्हतं. पण रोज ठरल्या वेळी उंचवटा येतो म्हणजे कुणाला तरी ते लागत असणार, या भीतीने ते दोन वर्षं चालू राहिलं होतं.

पुण्यातली ही छोटी कंपनी कर सल्लागारांसाठी जीएसटीची विवरणपत्रं तयार करण्याचं सॉफ्टवेअर विकते. तिचे सर्व्हर स्वतःच्या इमारतीत नाहीत. एडब्ल्यूएसच्या मुंबई विभागात, जो 2016 साली सुरू झाला, तिथे तिने 19 व्हर्च्युअल मशीन भाड्याने घेतली आहेत. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका मोठ्या सर्व्हरमधला, सॉफ्टवेअरने वेगळा करून दिलेला हिस्सा. आपल्याला तो स्वतंत्र संगणकासारखा वापरता येतो आणि भाडं वेळेप्रमाणे पडतं. हा 'वेळेप्रमाणे' शब्द महत्त्वाचा आहे. मशीनने काम किती केलं याच्याशी बिलाचा संबंध नाही, ते किती वेळ चालू होतं एवढंच मोजलं जातं. दारात उभ्या असलेल्या भाड्याच्या गाडीसारखं. कुणी बसलं नाही तरी तासाचे पैसे लागतात.

`test-new-2` हे `m5.xlarge` प्रकारचं मशीन, म्हणजे चार कोअर आणि 16 जीबी मेमरी. मुंबईत लिनक्ससह त्याचं भाडं ताशी साधारण 20 सेंट. महिन्याचे सरासरी 730 तास धरले की 146 डॉलर होतात. डॉलर 85 रुपयांना धरला तर बारा हजार चारशे रुपये. वर दोन डिस्क मिळून 200 जीबी जागा, तिचे साधारण 18 डॉलर वेगळे. दोन वर्षांत या एका मशीनवर तीन लाखांच्या वर रुपये गेले होते.

आधी त्या उंचवट्याचं बघू. एडब्ल्यूएसवर उबुंटूचं मशीन सुरू केलं की त्याचं घड्याळ मुळात भारतीय वेळेवर नसतं, ते यूटीसीवर चालतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. डेबियन आणि उबुंटूच्या `/etc/crontab` या फाइलमध्ये रोजच्या कामांसाठी एक ओळ आधीपासूनच असते आणि तिची सुरुवात अशी असते: `25 6 * * *`. अर्थ असा की रोज 6 वाजून 25 मिनिटांनी `/etc/cron.daily` या फोल्डरमधली सगळी कामं चालवायची. यूटीसीच्या 6:25 मध्ये साडेपाच तास मिळवा. बाराला पाच कमी.

या मशीनच्या त्या फोल्डरमध्ये नेहमीच्या साफसफाईबरोबर कुणीतरी व्हायरस तपासणीची एक स्क्रिप्ट ठेवली होती. मशीन रोज स्वतःच स्वतःची तपासणी करत होतं. ज्याला माणसांची वर्दळ समजलं जात होतं, ती घड्याळाची टिकटिक होती.

रिकामी मशीन शोधायला बसलं की पहिल्यांदा हाताशी येतो तो हाच आकडा, सीपीयूचा वापर. एडब्ल्यूएसमध्ये तो क्लाउडवॉच या सेवेत `CPUUtilization` या नावाने साठतो आणि त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. पाच-पाच मिनिटांची नोंद फुकट असते. या पाच मिनिटांच्या नोंदी 63 दिवस राहतात. नंतर त्या तासाच्या नोंदींमध्ये मिसळल्या जातात आणि तासाच्या नोंदी 455 दिवस, म्हणजे सव्वा वर्ष टिकतात. इतका इतिहास आयता असताना बहुतेक जण त्यातला दोन आठवड्यांचा तुकडा घेतात आणि त्याची एक सरासरी काढतात. या कंपनीतही तसंच झालं होतं. त्यांच्या एका इंजिनियरने 5 मे रोजी मागच्या 14 दिवसांची सरासरी काढून सगळ्या मशीनचा तक्ता केला होता. तक्त्यात सगळ्यात खाली, 0.5 टक्क्यावर, `gst-batch` नावाचं आठ कोअरचं मशीन होतं. त्याच्या वर 1.2 टक्क्यावर आपलं `test-new-2`.

म्हणजे त्या तक्त्याप्रमाणे पहिल्यांदा बंद करायचं होतं ते `gst-batch`. सुदैवाने तक्ता ईमेलमध्येच पडून राहिला.

आता तारखा बघा. 5 मेच्या मागचे 14 दिवस म्हणजे 21 एप्रिल ते 4 मे. जीएसटीची मासिक विवरणपत्रं भरणाऱ्यांच्या दोन मोठ्या तारखा असतात: जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-3बी 20 तारखेपर्यंत. `gst-batch` या मशीनचं काम एवढंच की सल्लागारांनी दिवसभर चढवलेली बिलं संध्याकाळी एकत्र तपासायची, जुळवायची आणि विवरणपत्रं तयार करायची. हे काम 10, 11, 19 आणि 20 या तारखांना संध्याकाळी तीन-तीन तास जोरात चालतं. इंजिनियरची खिडकी 20 तारखेच्या दुसऱ्याच दिवशी उघडली आणि पुढच्या 10 तारखेच्या बरीच आधी मिटली. तेवढ्या दिवसांत हे मशीन खरोखरच शांत होतं, मेलेल्या मशीनपेक्षाही शांत. कारण मेलेल्या मशीनवर निदान व्हायरसची तपासणी तरी चालत होती.

पूर्ण महिना घेतला असता तरी सरासरीने फार मदत केली नसती. चार दिवस तीन तास म्हणजे 12 तास, त्या तासांत सीपीयू 85 टक्के. महिन्याच्या 720 तासांत ते पसरवले की वाट्याला येतात 1.4 टक्के. मूळचा अर्धा टक्का मिळवून जेमतेम 2. ग्राहकांचे फोन ज्या दिवशी थांबत नाहीत, त्या दिवसाचं सगळं काम सरासरीत विरघळून जातं.

तयार साधनंही याच अडचणीतून जातात, कारण त्यांनाही कुठेतरी खिडकी ठरवावीच लागते. एडब्ल्यूएसचा कॉम्प्युट ऑप्टिमायझर मुळात मागचे 14 दिवस बघतो, अझूरचा अ‍ॅडव्हायझर 7 दिवस. दोन्हींची मुदत वाढवता येते, पण वाढवायची आठवण आपल्याला व्हावी लागते. सूचना चुकीची नसते. त्या दिवसांपुरती ती बरोबरच असते. आपल्या धंद्याचं चक्र किती दिवसांचं आहे हे मात्र त्या साधनाला ठाऊक नसतं. पगाराचं सॉफ्टवेअर असेल तर ते महिन्याचं, शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाचं असेल तर वर्षाचं. खिडकी निदान एका पूर्ण चक्राएवढी हवी आणि शक्य असेल तर दोन चक्रांची.

म्हणून मी 60 दिवस घेतले, 1 एप्रिलपासून, तासातासाने. साठ हा आकडा सोयीचाही आहे. क्लाउडवॉचची ही आज्ञा एका वेळी जास्तीत जास्त 1440 नोंदी देते आणि 60 दिवसांचे तास बरोबर 1440 होतात. एका मशीनसाठी ती अशी:

```
aws cloudwatch get-metric-statistics \
  --region ap-south-1 \
  --namespace AWS/EC2 \
  --metric-name CPUUtilization \
  --dimensions Name=InstanceId,Value=i-0123456789abcdef0 \
  --start-time 2025-04-01T00:00:00Z \
  --end-time 2025-05-31T00:00:00Z \
  --period 3600 \
  --statistics Average Maximum
```

`Average` म्हणजे त्या तासाची सरासरी आणि `Maximum` म्हणजे त्या तासातली सगळ्यात मोठी नोंद. दोन्ही मागवावेत. उत्तर येतं ते वेळेच्या क्रमाने लावलेलं नसतं, त्यामुळे तक्त्यात टाकल्यावर आधी वेळेनुसार लावून घ्यायचं आणि प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवायचे. ते राहिलं की बाराला पाच कमी कधी समजतच नाही. आणखी एक गोष्ट पहिल्याच मिनिटाला बघावी: ओळी 1440 आल्या का? मशीन बंद असतं त्या तासांची नोंदच होत नाही. ती शून्य म्हणून येत नाही, गायब असते. ओळी 500 आल्या तर ते मशीन दोन-तृतीयांश वेळ बंदच होतं, आणि त्या 500 तासांची सरासरी बाकीच्या मशीनच्या सरासरीशेजारी मांडण्यात अर्थ नाही.

पुढची पायरी बरेच लोक अशी करतात: सरासरी फसवते म्हणून 95 वा शतमक घ्यायचा. सगळे तास लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे, वरचे 5 टक्के सोडायचे आणि उरलेल्यांतला सगळ्यात मोठा आकडा बघायचा. आपल्या वापराच्या नेहमीच्या मशीनसाठी ही पद्धत चांगली आहे, कारण एखाद्या वेड्यावाकड्या उंचवट्याने ती बिघडत नाही. पण 1440 चे 5 टक्के म्हणजे 72 तास. `gst-batch` दोन महिन्यांत फक्त 24 तास काम करतं. सोडून दिलेल्या 72 तासांत ते सगळेच्या सगळे जातात आणि शतमक सांगतो की मशीन रिकामं आहे.

त्यामुळे मी उलटं करते. सोडून द्यायचे ते 72 तासच आधी बाजूला काढते आणि त्यांच्या तारखा-वेळा वाचते. काम हाताने करावं लागतं, प्रत्येक मशीनला पाच-सात मिनिटं जातात, पण 19 मशीनसाठी एक दुपार पुरते आणि त्यातून जे कळतं ते कुठल्याही एका आकड्यात मावत नाही. `gst-batch` चे वरचे 24 तास चार तारखांच्या संध्याकाळी गोळा झाले होते, एप्रिलमध्येही आणि मेमध्येही. ते दिसल्यावर सपोर्टच्या टेबलावर गेले. तिथल्या मुलीने वर न बघताच सांगितलं, "अहो ताई, ते बंद झालं तर 20 तारखेला आम्हाला घरी जाता येणार नाही."

`test-new-2` चे वरचे 60 तास मात्र रोज एक, असे साठ दिवस साठ होते आणि सगळे साडेअकरा ते साडेबाराच्या तासातले. क्लाउडवॉचचे तास यूटीसीप्रमाणे पडतात म्हणून आपल्याकडे ते अर्ध्यावर येतात. रविवारी उंचवटा होता. 1 मेला, महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीलाही होता, त्याच पाच मिनिटांत, तेवढाच उंच. माणसं असं वागत नाहीत. माणसांच्या वापराला खांदे असतात: सकाळी दहाच्या सुमारास चढ, जेवणाच्या वेळी थोडी घसरण, संध्याकाळी उतार, शनिवारी-रविवारी सपाट. शेजारच्या चार चाचणी-मशीनवर हा आकार स्पष्ट होता आणि 1 मेला तो दिवसभर गायब होता. सुट्टीच्या दिवशीचा आलेख इतकं सांगून जातो की दोन महिन्यांच्या पट्ट्यात एखादी सुट्टी येईल असं बघूनच मी तारखा घेते.

एवढं झाल्यावर मी मशीनच्या आत गेले. बाहेरून दिसणारा सीपीयूचा आकडा मेमरीबद्दल काहीच सांगत नाही. मेमरीची नोंद हवी असेल तर क्लाउडवॉचचा एजंट मशीनमध्ये वेगळा बसवावा लागतो. कोण जोडलेलं आहे हेही सीपीयूवरून कळत नाही. त्यासाठी दोन साध्या आज्ञा पुरतात:

```
last -n 20
ss -tn state established
```

पहिली शेवटचे वीस लॉगिन दाखवते, दुसरी या क्षणी कोणकोणत्या पत्त्यांशी जोडणी चालू आहे ते. `test-new-2` वर माझ्या स्वतःच्या लॉगिनआधी कित्येक महिन्यांत कुणी आलं नव्हतं. जोडण्या दोनच: एक माझी आणि एक मशीनचे लॉग बाहेर पाठवणाऱ्या एजंटची. दुसरी आज्ञा एकदाच चालवून थांबू नये, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चार-पाचदा चालवावी. क्षणभर दार उघडून घरात कुणी नाही असं म्हणण्यासारखं होतं ते.

इथे एका प्रकारच्या मशीनबद्दल सांगायलाच हवं, कारण माझ्या मते सगळ्यात महागडी चूक तिथे होते. काही मशीनचं कामच वाट बघणं हे असतं. मुख्य डेटाबेस कोसळला तर जागा घ्यायला ठेवलेलं राखीव मशीन. बाहेरून आत यायला एकच दार असावं म्हणून ठेवलेलं प्रवेशाचं मशीन, ज्याच्यावर आठवड्यातून दोनदा कुणीतरी येतं. एखाद्या विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा परवाना तपासून देणारा सर्व्हर. यांचा सीपीयू एक-दोन टक्क्यांच्या वर जात नाही आणि कुठल्याही यादीत ती रिकामी म्हणूनच येतात. त्यांचा इतिहास कितीही दिवसांचा घेतला तरी उत्तर मिळत नाही, कारण ज्या दिवसासाठी ती ठेवली आहेत तो दिवस त्या इतिहासात आलेलाच नसतो. या कंपनीत अशी दोन निघाली. यादीतून ती आकड्यांनी वगळली गेली नाहीत. त्यांची उठाठेव करणाऱ्या माणसाला विचारलं तेव्हा वगळली गेली.

आता 16 कोअरच्या मशीनकडे येते, कारण मला तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबावं लागलं. नाव `report-1`, प्रकार `m5.4xlarge`, ताशी 80 सेंटच्या आसपास, म्हणजे महिन्याला 584 डॉलर. त्याचा आलेख विचित्र होता. दिवसातले सात-आठ तास तो 6 टक्क्यांच्या किंचित वर अगदी सपाट असायचा, बाकी वेळ 0.5 च्या खाली. ना टोक, ना चढ-उतार. टेबलावर पट्टी ठेवून काढल्यासारखी रेघ.

अशी सपाट रेघ दिसली की 100 ला कोअरच्या संख्येने भागून बघावं. 100 भागिले 16 म्हणजे 6.25. सीपीयूची टक्केवारी सगळे कोअर मिळून काढलेली असते. एकच काम एकाच धाग्यावर चालत असेल तर ते एक कोअर पूर्णपणे, शंभर टक्के, खाऊन टाकतं आणि उरलेले पंधरा बघत बसतात. आकडा येतो सव्वासहा. म्हणजे जे मशीन 6 टक्क्यांवर 'जवळपास रिकामं' दिसतं, ते त्याचं काम त्याला शक्य तितक्या जोरात करत असतं. 32 कोअरच्या मशीनवर हेच काम 3 टक्के दाखवेल. कोअरची संख्या न बघता सगळ्या मशीनला '5 टक्क्यांच्या खाली म्हणजे रिकामं' अशी एकच फूटपट्टी लावली तर मोठी मशीन हमखास चुकीच्या ढिगात जातात. 5 टक्के म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर एका कोअरचा दहावा हिस्सा आणि 32 कोअरच्या मशीनवर दीड कोअरहून जास्त.

सपाट रेघेचा दुसरा अर्थही असू शकतो, तो म्हणजे एखादा प्रोग्रॅम अडकून एका कोअरवर नुसता फिरत बसला आहे. फरक ओळखायचा तर रेघ संपते का ते बघायचं. अडकलेला प्रोग्रॅम कुणी मारेपर्यंत थांबत नाही, दिवस-रात्र तीच पातळी राहते. `report-1` ची रेघ रोज पहाटे संपत होती आणि त्याच वेळी मालकांच्या ईमेलमध्ये आदल्या दिवसाचा अहवाल पडत होता. काम खरं होतं. ते एका धाग्यावर चालणारं होतं एवढंच, आणि कधीतरी 'अहवाल हळू येतोय' म्हणून कुणीतरी मशीन चार कोअरचं सोळा कोअरचं केलं होतं. अहवाल तेवढाच हळू येत राहिला, कारण वाढवलेल्या बारा कोअरना करायला काहीच नव्हतं.

हे मशीन बंद करायचं नव्हतं, लहान करायचं होतं. पण त्याआधी मेमरी बघणं भाग होतं, कारण चार कोअरच्या मशीनमध्ये 64 ऐवजी 16 जीबीच मिळते. एजंट बसवून पूर्ण महिना थांबलो. मेमरी 9 जीबीच्या वर गेली नाही. एका रविवारी मशीन थांबवून, प्रकार बदलून `m5.xlarge` केलं आणि पुन्हा सुरू केलं. अहवाल पूर्वीच्याच वेळी आला. सीपीयूची रेघ आता 25 टक्क्यांवर सपाट दिसते. खर्च 584 वरून 146 डॉलर. 438 डॉलर वाचले ते एका चालत्या मशीनमध्ये, आणि ते सापडलं रिकामी मशीन शोधताना.

चाचणीच्या चार मशीनचं फार सांगण्यासारखं नाही. आठवड्याचे 168 तास, त्यांपैकी ती वापरात होती सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते रात्री नऊ धरले तरी 60. उरलेल्या वेळी ती आपोआप बंद होतील अशी वेळापत्रकाची सोय केली आणि 292 डॉलरचे 104 झाले. `gst-batch` साठीही वेळापत्रकच लावलं, 7 तारखेला चालू आणि 21 तारखेला बंद. मुदत सरकारने वाढवली तर हाताने चालू ठेवायचं, आणि ते कसं हे सपोर्टच्या त्या मुलीला दाखवून ठेवलं. तिथे साधारण 156 डॉलर सुटले.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बऱ्याच कंपन्या एक किंवा तीन वर्षांसाठी ठरावीक वापराची हमी देऊन स्वस्त दर घेतात. त्या हमीखालचं मशीन बंद केलं तरी हमीचे पैसे द्यावेच लागतात. फायदा तेव्हाच होतो, जेव्हा ती हमी दुसऱ्या चालू मशीनला लागू पडते. या कंपनीने अशी हमी घेतलेली नव्हती. घेणार असाल तर ही सगळी साफसफाई आधी करावी, नाहीतर रिकाम्या मशीनची तीन वर्षांची हमी आपणच देऊन बसतो.

राहिलं `test-new-2`. इतका पुरावा असूनही मी ते लगेच काढून टाकलं नाही. आधी त्याचा मालक शोधायचा प्रयत्न केला. एडब्ल्यूएसच्या क्लाउडट्रेलमध्ये कुणी काय केलं याची नोंद असते, पण वेगळी साठवून ठेवली नसेल तर ती 90 दिवसांचीच दिसते. मशीनच्या माहितीत `LaunchTime` असते, तीही फसवी. मशीन थांबवून पुन्हा सुरू केलं की ती नवी होते. मूळ तारीख सापडली ती पहिल्या डिस्कच्या `CreateTime` मध्ये, दोन वर्षांपूर्वीची. त्या महिन्यात कोण काय करत होतं असं विचारत गेलो, तेव्हा कंपनी सोडून गेलेल्या एका मुलाचं नाव पुढे आलं. एका ग्राहकाला नमुना दाखवायला त्याने ते उभं केलं असावं.

मग मशीन थांबवलं. थांबवणं आणि काढून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबवलेलं मशीन पुन्हा सुरू करता येतं, डिस्कवरचं सगळं जागेवर असतं, मशीनचं भाडं बंद होतं आणि डिस्कचं चालू राहतं. थांबवण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. एक, मशीनला तात्पुरती जोडलेली स्थानिक डिस्क तर नाही ना, कारण तिच्यावरचा डेटा थांबवताच जातो. `m5` प्रकारात ती नसते, `m5d` मध्ये असते. दोन, सार्वजनिक आयपी पत्ता कायमचा आहे की आपोआप मिळालेला. आपोआप मिळालेला पत्ता थांबवल्यावर सुटतो आणि पुन्हा सुरू केल्यावर दुसराच मिळतो, त्यामुळे कुणी तो पत्ता कुठे लिहून ठेवला असेल तर नुसतं परत सुरू करून भागत नाही. अझूरवर तर आणखी एक खोच आहे. तिथे मशीनच्या आतून शटडाउन केलं तर मशीन बंद दिसतं पण भाडं चालूच राहतं. पोर्टलवरून थांबवून 'डीअ‍ॅलोकेटेड' अशी स्थिती आली तरच मीटर थांबतो.

थांबवल्यावर 45 दिवस वाट बघितली, म्हणजे 11 आणि 20 या तारखा निदान एकदा तरी पूर्ण ओलांडून जाव्यात. मशीनच्या नावापुढे थांबवल्याची तारीख आणि माझा फोन नंबर लिहून ठेवला. कुणाचाही फोन आला नाही. मग दोन्ही डिस्कचा स्नॅपशॉट घेतला आणि मशीन काढून टाकलं.

पुढच्या महिन्याचं बिल उघडलं. मशीनची ओळ गेली होती. डिस्कच्या यादीत मात्र 150 जीबीची एक ओळ शिल्लक होती, साडेतेरा डॉलरची. मशीन काढलं की 50 जीबीची मूळ डिस्क त्याच्याबरोबर जाते, पण मागाहून जोडलेली डिस्क तशीच ठेवण्याचा नियम मुळात लावलेला असतो. ती डिस्क आता कुठल्याच मशीनला जोडलेली नव्हती, स्थितीच्या रकान्यात फक्त `available` लिहिलेलं होतं. हे रिकामेपण सीपीयूच्या कुठल्याही आलेखात दिसणार नव्हतं, कारण तिला सीपीयूच नव्हता. स्नॅपशॉट उघडून एकदा तपासला, डिस्क काढली आणि मग त्याच रकान्यात `available` लिहिलेल्या बाकीच्या डिस्क मोजायला घेतल्या. अकरा होत्या.